दिवाळीच्या तोंडावरचा नकार

उसने पैसे मागायला आलेला मित्र आधी पैशांचं बोलतच नाही. तो आईच्या तब्येतीची चौकशी करतो, पोरांच्या परीक्षांचं विचारतो, चहा नको म्हणतो आणि मग घेतो. एरवी हाच माणूस फाटकापासूनच मोठ्यानं बोलत आत येत असतो, त्यामुळे आज काहीतरी वेगळं आहे हे घरातल्या सगळ्यांना कळतं. बायको काहीतरी निमित्त काढून आत जाते. मग तो खुर्ची थोडी पुढे ओढतो आणि खाली बघत म्हणतो, "एक काम होतं तुझ्याकडं."

हे एक वाक्य बोलणं त्याला किती जड गेलं असेल याचा विचार मी त्या क्षणी केला, आणि अजूनही करतो. शाळेपासूनचा मित्र. मी शिक्षक झालो, तो वडिलांच्या कारखान्यात उभा राहिला. इचलकरंजीत ज्याला खर्चीवाला म्हणतात, तसा तो यंत्रमागधारक आहे. चोवीस साधे माग. सूत-बीम व्यापाऱ्याचं, माग-मजूर-वीज याची, आणि विणून दिलेल्या कापडावर व्यापाऱ्यानं मजुरी द्यायची. ही मजुरी पिकावर ठरते. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, तो आकडा. समजा 52 पिकाचं कापड आहे आणि पिकाला 10 पैसे ठरले, तर मीटरमागे 5 रुपये 20 पैसे हातात येतात. त्यातूनच विणकर, कांडीवाला, जॉबर, दिवाणजी, वीजबिल आणि मोडतोड. वर्षभर हे गाडं कसंबसं चालतं. दसरा सरला की कामगारांच्या बोनसची बोलणी सुरू होतात, आणि वर्षभराच्या मजुरीवर टक्क्यानं काढलेली ती रक्कम एकाच आठवड्यात रोख उभी करावी लागते. त्या वर्षी त्याला बोनसला 1 लाख 80 हजार आणि थकलेल्या वीजबिलाला 20 हजार लागणार होते. व्यापाऱ्याकडं त्याची अडीच लाखांच्या वर मजुरी अडकलेली होती. व्यापारी म्हणत होता, दिवाळी होऊ दे.

तेव्हा त्यानं माझ्याकडं दोन लाख मागितले, सहा महिन्यांसाठी.

माझा हिशेब मला तोंडपाठ होता, कारण त्या महिन्यांत मी तो रोजच करत होतो. हातात पडणारा पगार 58 हजार. घराच्या कर्जाचा हप्ता साडेएकोणीस हजार, शिक्षक पतसंस्थेची कपात सहा हजार, मुलीचं वसतिगृह आणि फी धरून महिन्याचे नऊ हजार, आईची औषधं साडेतीन हजार, घरखर्च पंधरा. उरतात पाच हजार. आणि बँकेत एक ठेव होती, जवळजवळ सव्वादोन लाखांची. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती बाजूला काढलेली होती. डॉक्टरांनी संक्रांतीनंतरची वेळ दिली होती.

म्हणजे पैसे नव्हते असं नाही. पैसे होते आणि देता येत नव्हते. या विषयावरची सगळी अडचण इथंच आहे असं मला वाटतं. परवडत नाही म्हणजे खातं रिकामं आहे, असं फार थोड्या वेळा असतं. बहुतेकदा पैसा असतो, पण त्यावर आधीच कुणाचं तरी नाव लिहिलेलं असतं. अशा वेळी तोंडातून पटकन येतं ते, "माझ्याकडं आत्ता काहीच नाही रे." नकार देणाऱ्याला हे सोपं जातं. पण गाव एवढंसं. जानेवारीत आई दवाखान्यात दाखल झाली असती, तेव्हा डबा घेऊन येणाऱ्यांत हाच मित्र पहिला असता. बिलाचा आकडा त्याच्या कानावर गेला असता. दोन महिन्यांपूर्वी ज्याच्याकडं काहीच नव्हतं त्यानं एवढे कुठून आणले, हे त्यानं मला कधी विचारलं नसतं. मनात मात्र ते राहिलं असतं. पैसे दिले नाहीत हे मित्र समजून घेऊ शकतो. खोटं सांगितलं हे समजून घ्यायला त्याच्याकडं काही कारणच उरत नाही.

म्हणून मी त्याला जसं होतं तसं सांगितलं. "पैसे आहेत, पण ते आईच्या ऑपरेशनचे आहेत. त्याला हात लावता येत नाही. पगारातनं पाच हजारांच्या वर काही उरत नाही. दोन लाख मला जमणार नाहीत, आणि पुढच्या महिन्यातही जमणार नाहीत."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम जोडलं. आपल्याकडं थेट नाही म्हणणं जिवावर येतं, म्हणून माणूस "बघतो", "आठवडाभरात सांगतो" असं म्हणतो. ऐकणाऱ्याला त्या क्षणी बरं वाटतं, आणि खरा त्रास तिथूनच सुरू होतो. बोनसची तारीख ठरलेली असते. ज्याला आठवडाभरानं उत्तर मिळणार आहे, तो त्या आठवड्यात दुसरीकडं जात नाही. निदान तितक्या जोरानं जात नाही. मेहुण्याला फोन करायचा असतो, तो राहतो. बँकेत जायचं असतं, ते सोमवारवर जातं. आणि आठवड्याच्या शेवटी नकार मिळाला की हातात दिवस उरत नाहीत, मग पाय आपोआप सावकाराकडं वळतात. उशिरा दिलेल्या नकारानं पैसा तर मिळत नाहीच, शिवाय वेळही जातो, आणि अशा माणसाकडं पैशाखालोखाल वेळच कमी असतो. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्यानं ते त्याच बैठकीत द्यावं. मला माहीत होतं.

आणखी एका बाबतीत क्रम सांभाळावा लागतो. पैसे मागणाऱ्याला आपण लगेच प्रश्न विचारू लागतो. एवढे कसे लागले, व्यापाऱ्याकडं तगादा का लावला नाहीस, गेल्या वर्षी तर नवीन मोटार बसवलीस ना? यातला हरेक प्रश्न काळजीतून येत असेल. पण नाही म्हणायचं ठरलेलं असताना हे प्रश्न आधी विचारले, तर समोरच्याला वाटतं, हा देणार आहे म्हणून चौकशी करतोय. तो आपला कारखाना, घर, देणी, घरातली भांडणं सगळं उघडं करून ठेवतो, आणि त्यानंतर नकार येतो. एवढं सगळं सांगूनही रिकाम्या हातानं उठायचं, यासारखा अपमान नाही. म्हणून आधी नाही सांगायचं, आणि मगच, त्याला बोलावंसं वाटलं तर, काय झालंय ते ऐकायचं. नाही सांगून झाल्यावर विचारलेले प्रश्न तपासणीचे राहत नाहीत. त्या दिवशी नकारानंतरच आम्ही खरं बोललो. कुणाचे किती द्यायचे आणि कोण किती थांबेल, ते त्यानं पहिल्यांदा मोकळेपणानं सांगितलं.

पण त्याआधी त्यानं आणखी दोन गोष्टी मागितल्या, आणि त्या पहिल्या मागणीपेक्षा अवघड होत्या.

पहिली अशी. "तू नोकरदार आहेस, तुला बँक दोन दिवसांत पर्सनल लोन देईल. तुझ्या नावावर काढ, हप्ते मी भरतो." यात देणाऱ्याच्या खिशातून आज काही जात नाही, त्यामुळे नाही कशावर म्हणायचं हेच सुचत नाही. मी कागद घेतला. दोन लाख, बारा टक्के, दोन वर्षं. महिन्याचा हप्ता येतो 9 हजार 400 च्या आसपास. माझ्याकडं उरतात पाच. म्हणजे त्याचा एक जरी हप्ता चुकला तरी तो मला भरता येणार नव्हता. मग दंड माझ्या खात्यावर, नोंद माझ्या नावावर, आणि तगाद्याचे फोन शाळेत. हे मी त्याला आकड्यांनीच दाखवलं. "तू भरणार नाहीस असं मी म्हणत नाही," मी म्हटलं, "पण व्यापाऱ्यानं तुला थांबवलं तर तू मला थांबवशील, आणि मला थांबता येत नाही." त्यानं तो कागद बराच वेळ बघितला. तो हिशेबातला माणूस आहे. भरवशाचा प्रश्न निघाला असता तर तो दुखावला असता. आकड्यांवर दुखावण्यासारखं काही नव्हतं.

दुसरी मागणी जामीनकीची. "मग निदान पतसंस्थेला जामीन राहा. पगारदार जामीनदार दोन लागतात, एक झालाय." आपल्या भागात हे इतक्या सहज मागितलं जातं आणि इतक्या सहज दिलं जातं की जामीन म्हणजे एक सही, ओळख पटवण्यापुरती, असाच समज पसरला आहे. तसं नाही. 1872 च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच धरलेली आहे. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर संस्थेनं आधी कर्जदाराकडून सगळं वसूल करून बघावं आणि मग जामीनदाराकडं यावं, असं बंधन नाही. ती थेट जामीनदाराकडं येऊ शकते, आणि पगारदाराकडं येणं तिला सोपं असतं, कारण त्याचा पगार ठरलेल्या तारखेला ठरलेल्या ठिकाणी होतो. म्हणून तर पगारदार जामीनदार लागतो. सहकारी संस्थांच्या कायद्यात कलम 101 खाली वसुलीचा दाखला मिळतो आणि त्यावर जप्तीपर्यंत जाता येतं. शिवाय उद्या मुलीच्या शिक्षणासाठी मी कर्ज मागायला गेलो, तर मी कुणाला जामीन आहे हे तिथं विचारलं जाणारच.

म्हणजे दोन लाख देणं आणि दोन लाखांना जामीन राहणं यात माझ्या दृष्टीनं फरक फक्त तारखेचा होता. जे मी आज देऊ शकत नव्हतो ते सहा महिन्यांनी एकदम देऊ शकलो नसतो. तरी या नकाराला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. "एका सहीनं तुझं काय जाणार?" असं तो म्हणाला नाही, पण तसं त्याला वाटत असेल हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "सही केली तर मला ती रक्कम माझीच धरावी लागेल, आणि ती माझ्याकडं नाही." यानंतर दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग तो म्हणाला, "बरं. कळलं."

थोडे तरी द्यावेत का, हा विचार माझ्याही मनात आला. दहा हजार देता आले असते. दोन लाखांच्या खड्ड्यात दहा हजारांनी काही होत नाही, पण नकाराची बोच कमी होते, ती त्याचीही आणि जास्त करून आपली. मला ते बरोबर वाटलं नाही. उसने म्हणून दिलेले दहा हजार त्याच्या अडचणीला पुरले नसते, आणि पुढची दोन वर्षं आमच्या दोघांमध्ये बसून राहिले असते. तो दिसला की मला ते आठवले असते, आणि मला ते आठवत असतील हे त्याला आठवलं असतं. द्यायचेच तर परत येणार नाहीत असं धरून आणि तसं बोलून द्यावेत. पण कारखान्याच्या अडचणीत अशी मदत घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं, हे मला ठाऊक होतं. दुखणं असतं, पोराची फी असती, तर मी वेगळं केलं असतं.

मग आम्ही कागदाच्या मागच्या बाजूला त्याच्या मार्गांची यादी केली. माझ्याकडून पैसे येणार नाहीत हे नक्की झाल्यामुळे यादी खरी झाली. शेकडा तीननं पैसे देणारा एकजण तयार होता. दोन लाखांना महिन्याचे सहा हजार नुसतं व्याज, वर्षाचे बहात्तर हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. अशा माणसाकडं सावकारीचा परवाना नसेल तर 2014 च्या राज्याच्या कायद्यानं तो गुन्हा आहे, पण दिवाळीच्या आठवड्यात कायदा कुणाला आठवत नाही. वहिनींचं सोनं होतं. त्यावर त्याचं मन तयार नव्हतं. वडिलांनी कधी घरचं सोनं बाहेर काढलं नव्हतं म्हणे. मी एवढंच म्हटलं, की राष्ट्रीयीकृत बँकेत सोनेतारण कर्जाला वर्षाला जेवढं व्याज लागेल, तेवढं शेकडा तीननं तीन-चार महिन्यांत जाईल. बँक तेव्हा सोन्याच्या किमतीच्या साधारण तीनचतुर्थांशापर्यंत देत होती, खडे आणि लाखेचं वजन वजा करत होती, आणि दागिना बँकेच्या तिजोरीत राहतो, मोडला जात नाही. पण हा निर्णय वहिनींचा होता. तो त्यानं माझ्या घरी बसून घ्यावा असं मला वाटत नव्हतं, आणि तसं मी बोललो.

राहिली व्यापाऱ्याकडची मजुरी. इथं मला करण्यासारखं काहीतरी होतं. त्याची बिलं कुठं वहीत, कुठं सुट्या पावत्यांवर होती. आम्ही दोन संध्याकाळी बसून तारखेनं लावली. कापड कधी गेलं, किती मीटर, किती पीक, दर काय ठरला, किती मिळाले, किती राहिले. एकूण निघालं 2 लाख 63 हजार. त्यातलं जवळजवळ निम्मं पंचेचाळीस दिवसांच्या पलीकडचं होतं. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असं आहे, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. त्याची नोंदणी होती. तक्रार करायला तो तयार नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं. तक्रार केली तर पुढच्या महिन्याचं बीम दुसऱ्याच्या मागावर चढणार. पण तारीखवार यादी समोर ठेवणं वेगळं आणि "शेठ, दिवाळी आलीय" म्हणणं वेगळं. मी त्याच्यासोबत पेढीवर गेलो, बोललो काही नाही, शेजारी बसून राहिलो. शेठनं यादी वाचली, दिवाणजीला बोलावलं, दोन आकडे तपासले आणि 1 लाख 10 हजार देतो म्हणाला. त्यातले सत्तर लगेच दिले, चाळीस धनत्रयोदशीला. उरलेल्यासाठी वहिनींनी स्वतःच पाटल्या काढून दिल्या.

हे असंच होईल असं नाही. शेठ उठून गेला असता तर माझ्या नकारानं मित्र आणखी अडचणीत आला असता, आणि तरीही मला दोन लाख देता आले नसते. नकार बरोबर होता की नाही हे शेठच्या वागण्यावर ठरत नाही.

यानंतरच्या पंधरवड्याबद्दल मात्र मला आवर्जून सांगायचं आहे, कारण मैत्र्या बहुतेक तिथंच मोडतात. पैसे मागून नकार घेऊन गेलेला माणूस आपल्याकडं यायचं टाळतो. राग असतो असं नाही. आपण उघडे पडलो असं त्याला वाटत असतं. नकार देणाराही फोन करत नाही, कारण पुन्हा विषय निघाला तर काय, ही भीती. दोघंही दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून लांब राहतात. दोन-चार महिन्यांनी रस्त्यात भेट होते, हात वर होतो, गाडी थांबत नाही. पैशानं मैत्री तुटली असं मग लोक म्हणतात. तुटलेली असते ती या न भेटण्यानं. आणि पहिलं पाऊल उचलायचं ते नकार देणाऱ्यानं. मागणाऱ्यानं एकदा दार वाजवलेलं आहे. त्यानं दुसऱ्यांदा वाजवावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

मी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन त्याच्याकडं गेलो, दरवर्षी जातो तसाच. माग बंद होते, कारखान्यात झाडलोट होऊन पूजा झालेली, मागांना झेंडूच्या माळा. पैशांचा विषय मी काढला नाही आणि टाळलाही नाही. वहिनींनी स्वतःच सांगितलं, बोनस वाटून झाला म्हणून. मला एवढंच बघायचं होतं की माझ्याशी बोलताना त्या अवघडल्या आहेत का. थोड्या होत्या. त्यानंतर ते दोघं आमच्याकडं आले तेव्हा कमी होत्या.

एक गोष्ट मी पाळली. तो पैसे मागायला आला होता हे मी कुणाला सांगितलं नाही, आमच्या इतर मित्रांनाही नाही. आपण नकार दिला याचं मनाला खुपत असतं, आणि ते हलकं करायला माणूस तिसऱ्याला सांगून विचारतो, "माझं काही चुकलं का?" तो तिसरा चौथ्याला सांगतो. कारखानदाराची पत गावात तोंडी चालते. अमक्याला बोनसला पैसे नव्हते ही बातमी उधारी देणाऱ्यांपर्यंत गेली, तर उधारी बंद होते. पैसे देता आले नाहीत, तर निदान पत तरी शाबूत ठेवणं माझ्या हातात होतं. आता इतक्या वर्षांनी हे लिहितोय तेही त्याला विचारून, आणि त्यानं हो म्हटल्यावर.

त्या जानेवारीत त्यानं पतसंस्थेत महिन्याला पंधरा हजारांची आवर्त ठेव काढली. बारा महिन्यांचे 1 लाख 80 हजार होतात, म्हणजे बोनस. पहिल्या वर्षी पाच हप्ते चुकले, दुसऱ्या वर्षी दोन. मंदीत माग निम्मे बंद होते तेव्हा त्यानं हप्ता आठ हजारांवर आणला, पण ठेव बंद केली नाही. त्यानं मला सांगून ठेवलंय, दहा तारखेला विचारत जा म्हणून. मी विचारतो. "भरलास का?" "उद्या भरतो." मग अकरा तारखेला पुन्हा फोन करतो, आणि तो उचलायच्या आधीच हसायला लागलेला असतो.